अर्धा वेग आधी, अर्धा नंतर

कारखान्याच्या शेडमध्ये छताखालून धावणारी ईओटी क्रेन ज्यांनी चालताना पाहिली आहे, त्यांना हे दृश्य ओळखीचे असेल. ऑपरेटर पेंडंटवरचे बटण सोडतो, क्रेन थांबते, पण हूकला टांगलेला माल थांबत नाही. तो पुढे जातो, मागे येतो, परत पुढे जातो. खाली उभे असलेले खलाशी हात आखडून उभे राहतात, कारण झोके घेणाऱ्या दोन-चार टनांना हात लावायला कोणी शहाणा माणूस जात नाही.

यातली गंमत वेगळीच आहे. त्याच क्रेनवर, त्याच मालासह, कधी कधी बटण सोडल्यावर माल जागच्या जागी उभा राहतो. पुढच्या खेपेला मात्र दुप्पट झोका. ऑपरेटरला विचारले तर तो म्हणेल, हाताचा अंदाज. अंदाज असतोच, पण त्यामागे एक साधा हिशेब आहे. तो समजला की मालाकडे न पाहता, कॅमेरा किंवा सेन्सर न लावता, केवळ मोटरला वेग कधी आणि किती द्यायचा एवढे ठरवून झोका घालवता येतो. या पद्धतीला इनपुट शेपिंग म्हणतात. ऑपरेटरने दिलेली आज्ञा मोटरपर्यंत पोहोचण्याआधी तिचा आकार बदलायचा, एवढाच त्याचा अर्थ.

झोका येतो कुठून

वायररोपला टांगलेला माल म्हणजे लंबक. लंबकाला एक पूर्ण झोका घ्यायला लागणारा वेळ, म्हणजे दोलनकाल, मालाच्या वजनावर ठरत नाही. दोन टन असोत वा वीस, फरक पडत नाही. तो ठरतो लांबीवर. शॉपफ्लोअरवर पुरेल असा नियम सांगायचा तर मीटरमधल्या लांबीचे वर्गमूळ काढायचे आणि त्याची दुप्पट करायची, की सेकंद मिळतात. माल ९ मीटर खाली लटकत असेल तर वर्गमूळ ३, म्हणून दोलनकाल ६ सेकंद. पुढचा सगळा हिशेब याच ९ मीटरवर करू. क्रेनचा वेग धरू मिनिटाला ३० मीटर, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर.

क्रेन झटक्यात या वेगाने निघाली तर माल जडत्वामुळे मागे राहतो, मग ओढला जातो, पुढे निसटतो, आणि क्रेनच्या मागे-पुढे झोके घेत तिच्याबरोबर चालू लागतो. आपल्या उदाहरणात हा झोका मध्यापासून दोन्हीकडे सुमारे ४८ सेंटीमीटरचा होतो. क्रेन झटक्यात थांबली की याच मापाचा दुसरा झोका सुरू होतो. पहिला अजून संपलेला नसतो, कारण हवा लंबकाला फार कमी अडवते आणि झोका विरायला काही मिनिटे जातात. आता मालावर दोन झोके एकदम आहेत. त्यांची बेरीज व्हायची की वजाबाकी, हे बटण किती वेळ दाबले होते यावर ठरते. बटण बरोबर ६, १२ किंवा १८ सेकंद दाबले असेल तर थांबण्याचा झोका सुरुवातीच्या झोक्याला पुरता मारतो आणि माल उभा राहतो. ९ किंवा १५ सेकंद दाबले असेल तर दोन्ही एकमेकांना मिळतात आणि झोका ९६ सेंटीमीटरचा होतो. वर सांगितलेल्या "कधी कधी"चे उत्तर हेच.

मुरलेले ऑपरेटर झोका सुरू झाल्यावर तो पकडतात. माल पुढे निघाला की बटणाला हलका टिचका देऊन क्रेन त्याच्या डोक्यावर नेऊन ठेवतात. ही कला खरी आहे आणि शिकायला वर्षे लागतात. पण तिच्यात डोळा झोका पाहतो आणि मग हात चालतो. म्हणजे झोका आधी व्हावा लागतो. याला अभियंते फीडबॅक म्हणतात. इनपुट शेपिंगमध्ये पाहण्याची पायरीच नाही.

दोन ढकला, अर्ध्या झोक्याच्या अंतराने

घरातला रिकामा झोपाळा स्थिर उभा आहे असे समजा. त्याला हाताने एक ढकल द्या. तो पुढे जाईल, परत येईल, आणि तळातून जाताना त्याचा वेग सुरुवातीला मिळाला होता तेवढाच, पण दिशा उलटी, म्हणजे तुमच्याकडे. नेमक्या त्या क्षणी पहिल्याइतकीच ढकल पहिल्याच दिशेने दिली, तर झोपाळा जागीच उभा राहील. दोन ढकला, दोन्ही सारख्या, दोन्ही एकाच दिशेने, मध्ये अर्धा दोलनकाल. आणि शेवटी झोका शून्य.

क्रेनला वेग देणे ही मालाला दिलेली ढकलच आहे, फक्त उलट बाजूने: क्रेन पुढे सरकते म्हणून क्रेनवरून पाहता माल मागे ढकलला जातो. तेव्हा पूर्ण वेग एकदम न देता त्याचे दोन सारखे भाग करायचे. बटण दाबताच अर्धा, आणि अर्धा दोलनकाल गेल्यावर उरलेला अर्धा.

ही नुसती जुळवाजुळव वाटू नये म्हणून मालाबरोबर चालून पाहू. सुरुवातीला क्रेन सेकंदाला पाव मीटर वेगाने निघते. माल मागे पडू लागतो. दीड सेकंदाला तो सर्वांत मागे असतो, २४ सेंटीमीटर. तिथून तो क्रेनला गाठायला येतो आणि तिसऱ्या सेकंदाला बरोबर तिच्याखाली पोहोचतो. त्या क्षणी तो क्रेनपेक्षा पाव मीटर जास्त वेगाने पुढे जात असतो. क्रेनचा स्वतःचा पाव मीटर त्यात मिळवला की जमिनीवरून पाहता मालाचा वेग होतो अर्धा मीटर. म्हणजे आपल्याला हवा होता तोच. आता क्रेननेही नेमक्या त्याच क्षणी अर्धा मीटर वेग धरला, की माल तिच्या सरळ खाली आहे आणि दोघांचा वेग एक आहे. झोका घ्यायला कारणच उरत नाही. दोरी उभी, माल शांत.

थांबताना हेच उलट. बटण सोडताच वेग अर्ध्यावर येतो, तीन सेकंदांनी शून्यावर.

> चौकट: ९ मीटरवरची एक फेरी
>
> ऑपरेटर बटण १० सेकंद दाबून धरतो आणि सोडतो.
>
> ० सेकंद: वेग सेकंदाला ०.२५ मीटर
> ३ सेकंद: वेग ०.५० मीटर, माल सरळ खाली
> १० सेकंद: बटण सुटते, वेग ०.२५ मीटर
> १३ सेकंद: वेग शून्य, माल सरळ खाली
>
> एकूण अंतर ५ मीटर. इनपुट शेपिंग नसते तरी १० सेकंदांत ५ मीटरच झाले असते. अंतर तेच, पोहोचायला तीन सेकंद उशीर. नसते तर १०व्या सेकंदाला मालाचा झोका ८० सेंटीमीटरच्या वर असता.

खरी क्रेन असा झटक्यात वेग घेत नाही. मोटरला चालवणारा व्हीएफडी, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, तो हळूहळू चढवतो. त्याने बिघडत नाही. जी काही चढण असेल ती निम्म्या उंचीची करायची आणि तिचीच नक्कल तीन सेकंदांनी जोडायची. आज्ञा कितीही वेडीवाकडी असली तरी तिच्या प्रत्येक तुकड्याला त्याचा जोडीदार तीन सेकंदांनी भेटतो आणि त्या तुकड्याचा झोका तिथेच मिटतो. म्हणून ऑपरेटरने बटण केव्हा दाबावे यावर बंधन येत नाही. मला या कल्पनेतला हा भाग सर्वांत देखणा वाटतो.

कल्पना जुनी, वापर नवा

बर्कलीचे ऑटो स्मिथ यांनी हे दोन टप्प्यांचे तंत्र १९५७ साली मांडले. पण त्या काळात आज्ञा तीन सेकंद जशीच्या तशी धरून ठेवून नंतर सोडणे हेच जिकिरीचे काम होते. संगणकाला ते काहीच नाही. १९९० साली एमआयटीतील नील सिंगर आणि वॉरन सीअरिंग यांनी याला आजचे रूप दिले, आणि त्यात एक महत्त्वाची सुधारणा केली, जिच्याकडे आपण वळूच. पुढे विल्यम सिंगहोस यांनी अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये १० टनी क्रेनवर यावर बरेच काम केले. माणसे अडथळ्यांमधून माल नेताना या पद्धतीने वेळ आणि धडका दोन्ही कमी होतात का, हेही तिथे तपासले गेले.

फीडबॅक का नको, असा प्रश्न पडेल. झोका मोजायचा तर ट्रॉलीवर खाली पाहणारा कॅमेरा हवा, हूकवर खूण हवी, आणि शेडमध्ये धूळ, वेल्डिंगचा उजेड आणि धूर असतोच. शिवाय फीडबॅकवर चालणारी क्रेन झोका मारण्यासाठी स्वतःच मागे-पुढे होते, आणि पेंडंट हातात असलेल्या माणसाला ती आपल्याशी भांडते आहे असे वाटते. इनपुट शेपिंगला यातले काही लागत नाही. कंट्रोलरमध्ये दहा-वीस ओळींचा प्रोग्रॅम पुरतो.

त्याची किंमत

किंमत मोजावी लागते ती तीन सेकंदांची, आणि ती ऑपरेटरच्या हाताला जाणवते. बटण सोडल्यावर क्रेन अजून तीन सेकंद पाव मीटर वेगाने चालते, म्हणजे ७५ सेंटीमीटर पुढे जाते. ऑपरेटरला तेवढे आधी बटण सोडायची सवय लावून घ्यावी लागते. गर्डरच्या टोकाजवळ वेग कमी करणारा लिमिट स्विचही तेवढाच अलीकडे आणावा लागतो.

याहून चमत्कारिक अनुभव येतो माल इंच-इंच सरकवताना. ऑपरेटर बटणाला अर्ध्या सेकंदाचा टिचका देतो. क्रेन थोडी सरकते आणि थांबते. हात बटणावरून निघाला आहे, खलाशी मालाजवळ आला आहे, आणि तीन सेकंदांनी क्रेन आपणहून पुन्हा तेवढीच सरकते. हिशेबाप्रमाणे हे बरोबर आहे, दुसरा अर्धा भाग आला. पण खाली उभ्या माणसाला हे आधी सांगितलेले नसेल तर तो घाबरणार आणि घाबरावेच. म्हणून माल बसवण्याच्या अगदी सावकाश वेगात हे बंद ठेवलेले मला जास्त पटते; त्या वेगात झोका मुळातच लहान असतो. इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण तर या सगळ्याच्या बाहेरच हवे. ते दाबले की वीज तुटली पाहिजे आणि ब्रेक बसला पाहिजे, मग माल झोके घेवो.

लांबी चुकली तर

मालाकडे न पाहणारी पद्धत एका गोष्टीवर विसंबून असते: दोलनकाल आपल्याला आधीच ठाऊक आहे. तो चुकला की दुसरी ढकल अवेळी पडते.

नेहमीची चूक अशी. हॉइस्टच्या ड्रमवरचा एन्कोडर किती दोरी सुटली ते सांगतो, आणि कंट्रोलर त्यावरून लांबी धरतो. समजा हूक ६ मीटर खाली आहे. पण हूकखाली २ मीटरची स्लिंग आहे, आणि मालाचा गुरुत्वमध्य स्लिंगच्या टोकापासून आणखी एक मीटर खाली. लंबकाची खरी लांबी ९ मीटर. कंट्रोलर ६ मीटर धरून दोलनकाल ४.९ सेकंद मानतो आणि दुसरा अर्धा वेग तीन सेकंदांऐवजी अडीच सेकंदांच्या आसपास देतो. अर्ध्या सेकंदाची ही घाई स्वस्तात जात नाही: झोक्याचा २८ टक्के भाग उरतो, ४८ सेंटीमीटरमधले साधारण १४.

दोन टप्प्यांच्या या साध्या पद्धतीला किती चूक चालते ते पाहिले तर ती बरीच नाजूक निघते. उरलेला झोका ५ टक्क्यांच्या आत हवा असेल, तर ९ मीटरसाठी बसवलेली आज्ञा साधारण साडेआठ ते साडेनऊ मीटरपर्यंतच चालते. माल उचलत-उतरवत न्यायचा असेल तर एवढ्यात भागत नाही.

सिंगर आणि सीअरिंग यांची सुधारणा इथे कामाला येते. त्यांनी ती गणिताने काढली, पण समजून घ्यायला सोपी वाट आहे. एकदा आकार दिलेल्या आज्ञेलाच पुन्हा तसाच आकार द्यायचा. पहिल्या खेपेत झोक्याचा दहावा भाग उरत असेल, तर दुसऱ्या खेपेत त्या दहाव्या भागाचा दहावा भाग, म्हणजे शंभरावा, उरेल. अर्ध्या-अर्ध्याचे पुन्हा अर्धे केले आणि तीन सेकंदांनी पडणारे दोन तुकडे एकत्र जोडले, की तीन टप्पे मिळतात: आधी पाव वेग, तीन सेकंदांनी आणखी अर्धा, सहा सेकंदांनी उरलेला पाव. स्लिंग विसरण्याची चूक यात केली तर २८ टक्क्यांऐवजी ८ टक्के उरतात, म्हणजे जेमतेम ४ सेंटीमीटर. आणि ५ टक्क्यांची मर्यादा आता सुमारे ७ ते १२ मीटरपर्यंत पाळली जाते. त्याबदल्यात उशीर सहा सेकंदांचा होतो आणि बटण सोडल्यावर क्रेन दीड मीटर पुढे जाते. लांबी नीट मोजता येत असेल तर मी दोनच टप्पे ठेवीन. येत नसेल तर तीन सेकंद जास्त दिलेले बरे.

लांबी तपासायला उपकरण लागत नाही. माल थोडा हलवून दहा झोके घड्याळावर मोजायचे आणि दहाने भागायचे. आकडा कंट्रोलरच्या दोलनकालाशी जुळला नाही तर घड्याळ खरे मानायचे.

लंबकाखाली लंबक

मोठ्या क्रेनला हलका माल टांगला की आणखी एक अडचण डोके वर काढते. २५ टनी क्रेनचा हूक ब्लॉक स्वतःच काहीशे किलोंचा असतो. त्याला तेवढ्याच वजनाची एखादी मोटर २ मीटरच्या स्लिंगवर लावली, की हूक एक लंबक होतो आणि त्याच्याखाली मोटर दुसरा. हूक ७ मीटर खाली असेल तर अशा जोडीचे दोन दोलनकाल निघतात: एक सुमारे ५.७ सेकंदांचा, ज्यात दोघे मिळून हेलावतात, आणि दुसरा १.९ सेकंदांचा, ज्यात हूक एका बाजूला जातो तेव्हा मोटर दुसऱ्या बाजूला. आपल्या नियमाने ९ मीटरचे ६ सेकंद धरले तर पहिला बराचसा जातो, दुसरा मात्र तसाच राहू शकतो.

इलाज तोच, दोनदा. आधी ५.७ सेकंदांसाठी आज्ञेचे दोन भाग करायचे, मग त्यातल्या प्रत्येकाचे १.९ सेकंदांसाठी आणखी दोन. असे चार पाव-पाव टप्पे होतात आणि एकूण उशीर जेमतेम चार सेकंदांपर्यंत जातो. माल हूकपेक्षा पुष्कळ जड असेल, दहापट वगैरे, तर हा छोटा थरथराट फार जलद आणि लहान असतो, आणि त्याच्या वाटेला जायची गरज सहसा पडत नाही.

तरीही झोका उरला तर

सगळे बसवूनही माल हलतो, तेव्हा तो कसा हलतो हे पाहावे. एका उंचीवर शांत आणि दुसऱ्या उंचीवर झोके, तर लांबीचा हिशेब चुकला आहे. निघताना शांत आणि थांबताना झोके, तर संशय ब्रेकवर घ्यावा. बऱ्याच जुन्या जोडणीत बटण सुटताच ब्रेक बसतो, आणि शेवटचा अर्धा वेग तीन सेकंद राहण्याऐवजी तिथेच कापला जातो. वेग शून्यावर आल्यावरच ब्रेक पडेल अशी जोडणी बदलून घ्यावी लागते. निघताना आणि थांबताना दोन्हीकडे थोडे थोडे झोके उरत असतील तर ड्राइव्हची स्वतःची चढण पाहावी. आकार दिलेल्या आज्ञेला ड्राइव्हने पुढे स्वतःच्या मर्यादेने पुन्हा घासले असेल, तर मोटरपर्यंत पोहोचलेली आज्ञा आपण बनवलेली नसते.

आणि क्रेन हलण्याआधीच माल हलत असेल, तर इनपुट शेपिंगकडून काही अपेक्षाच ठेवू नये. उघड्या यार्डातला वारा असो, किंवा हूक मालाच्या मध्यावर न आणता तिरके ओढून केलेली उचल असो, तो झोका आज्ञेतून आलेला नाही, म्हणून आज्ञा बदलून जातही नाही. क्रेन पूर्व-पश्चिम चालली आणि माल उत्तर-दक्षिण हलतो आहे असे दिसले, तर बहुधा तिरकी उचलच असते. अशा वेळी माल खाली टेकवायचा, हूक गुरुत्वमध्याच्या सरळ वर आणायचा, स्लिंग हळूहळू ताणून घ्यायची आणि माल जमिनीवरून दोन बोटे सुटला की थांबून पाहायचे. तो सरकला नाही, तरच पुढची उचल करायची.